कढई सोडली, म्हणजे नक्की काय झालं?

भाचा: “मिश्रण कढई सोडेपर्यंत घोटत राहा.” मावशी, खव्याच्या बर्फीबद्दल ज्याला विचारावं तो हेच सांगतो, आणि माझ्या दोन बर्फ्या याच वाक्याने घालवल्या. पहिल्यांदा अर्धा किलो खवा आणला, घरातलं पातळ बुडाचं स्टीलचं पातेलं घेतलं आणि गॅस मोठा ठेवला. चार-पाच मिनिटांत खाली लागलं. ते मी जोर लावून खरवडलं, सगळ्यात कालवलं, आणि थाळ्यात जे पडलं त्यात तपकिरी ठिपके नि प्रत्येक घासाला करपट वास. दुसऱ्यांदा शहाणा झालो. नॉनस्टिक पॅन घेतला, गॅस बारीक केला. मिश्रणाने पॅन लगेच सोडला, वर्णनात असतो तसा गोळा गरागरा फिरायला लागला. मी खूश होऊन थापला. सहा तासांनी सुरी घातली तर ती श्रीखंडात गेल्यासारखी गेली. शेवटी वाटीत घेऊन चमच्याने खाल्ली आम्ही ती बर्फी. म्हणून मला वाटतं, ही खूण वगैरे काही नाही. ज्याला आधीच येतं त्याला मागाहून सुचलेलं ते वर्णन आहे. नवशिक्याला आकडा द्या. किती अंशांवर, किती मिनिटांनी किंवा किती ग्रॅम उरल्यावर गॅस बंद करायचा, एवढंच सांगा.

मावशी: नॉनस्टिकने गोळा सोडला यात त्याने काय विशेष केलं? ते भांडं सोडण्यासाठीच केलेलं असतं. ही खूण ज्यांनी ठरवली त्यांच्यापुढे लोखंडी कढई होती, नाहीतर कल्हई केलेली पितळी. तिथे ओला खवा भांड्याला धरून राहतो. घोटता घोटता पाणी कमी होतं, खव्यातलं तूप थोडं सुटायला लागतं, आणि ते गोळा आणि कढई यांच्या मध्ये येतं. मग गोळा आपण होऊन कड सोडतो. म्हणजे त्या वाक्यात पाण्याबद्दल आणि तुपाबद्दल बातमी आहे, फक्त ती वाचायला भांडं थोडं चिकट लागतं. तुझ्या पॅनमध्ये पहिल्या मिनिटापासून सगळं सुटलेलंच होतं, तर तो काय सांगणार? खूण खोटी नव्हती रे, तू ती चुकीच्या पाटीवर वाचलीस.

भाचा: म्हणजे भांडं बदललं की खूण बदलते, आणि हे कोणी सांगत नाही. याहून मोठा पुरावा मला नको. बरं, भांड्यापासूनच सुरुवात करू. पहिल्या वेळी करपलं ते पातेल्यामुळे, गॅसमुळे की माझ्या हातामुळे? दुकानात भल्यामोठ्या कढया धडधडत्या भट्टीवर असतात. मग मोठ्या आचेवर त्यांचं करपत कसं नाही?

मावशी: तिघांमुळे, पण सारख्या प्रमाणात नाही. आधी समजून घे की खाली लागतं कशामुळे. खव्यात पाणी आहे तोवर ते पाणी वाफ होण्यात आच खर्ची पडते, आणि तळाचा थर शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. ज्या जागी पाणी संपलं, त्या जागी मात्र दुधातली प्रथिनं आणि दुधाची साखर तळाला चिकटून तपायला लागतात, तांबूस होतात, मग काळी. पातळ स्टीलचा दोष हा, की ज्योत जिथे लागते तिथे ते पेटल्यासारखं तापतं आणि दोन इंचांवर कोमट असतं. तुझा खवा सगळीकडे करपला नव्हता, ज्योतीच्या वर गोल चकतीएवढा करपला असेल. आठवून बघ.

भाचा: हो, बांगडीसारखा गोल होता.

मावशी: ती बर्नरची बांगडी. जाड बुडाच्या हिंडालियमच्या कढईत ती आच पसरते. तशी कढई नसेल तर पातेल्याखाली जुना लोखंडी तवा ठेव, पुष्कळ भागतं. लोखंडी कढईत खवा छान घोटला जातो, पण नीट न मुरलेली कढई असेल तर पांढऱ्या बर्फीवर राखाडी झाक येते. आणि हलवायाचं म्हणशील, तर मोठ्या आचेवर त्याचा हात थांबत नाही. शिवाय त्याची आच सुरुवातीला मोठी असते, शेवटी नसते. तुम्ही मुलं फक्त सुरुवात बघून परत येता.

भाचा: इथे मी तुला अडवतो. सगळे सांगतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत मंद आच. तू म्हणतेस सुरुवातीला मोठी चालते. आता नवशिक्याने कोणाचं ऐकायचं?

मावशी: पहिल्यापासून शेवटपर्यंत मंद आच म्हणणाऱ्यांची बर्फी पांढरी होत नाही, हे बघ एकदा. पाऊण तास गॅसवर ठेवलेला खवा करपत नाही, पण सबंध मिश्रण हळूहळू बदामी होतं आणि फार घोटल्याने तूप वेगळं पडतं. मग वडी खाताना तुपकट लागते आणि दुसऱ्या दिवशी भुसभुशीत होते. माझी रीत अशी. खवा किसणीवर किसून घ्यायचा, म्हणजे गुठळ्या मोडत बसावं लागत नाही. नुसता खवा मंद आचेवर पाचेक मिनिटं परतायचा, मऊ आणि चकचकीत होईपर्यंत. मग साखर. साखर पडली की सगळं सैल होतं, भज्याच्या पिठासारखं. घाबरायचं नाही, साखर खव्यातलंच पाणी ओढून विरघळते, म्हणून ते पाणी मोकळं झाल्यासारखं दिसतं. या टप्प्याला आच मध्यम करायची, कारण आता मिश्रण ओलं आहे आणि आच वाफेत जाते. फदफदायला लागेल, हातावर चटका बसेल, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्यायचा. आणि फदफद मंदावून मिश्रण जड झालं, कालथा फिरवल्यावर मागे रस्ता उघडा राहून सावकाश भरायला लागला, की गॅस अगदी बारीक. करपायचा धोका इथून पुढे सुरू होतो. म्हणजे जिथे तू दमतोस आणि मोबाइल बघतोस तिथेच.

भाचा: दमलो होतो खरा. पण सबंध वेळ ढवळतच होतो, गोल गोल. तरी लागलं.

मावशी: गोल गोल म्हणजे मधे भोवरा. मधलंच फिरत राहतं आणि तळ जागचा हलत नाही. घोटणं म्हणजे ढवळणं नव्हे. कालथ्याची धार तळावर टेकवून पुढे ढकलायची, खवा उलटा पडला पाहिजे. कडेने एक फेरा, मग मधून आडव्या रेघा, परत कडेने. कढईचं बूड गोल आणि कालथ्याची धार सरळ असेल तर दोघांची गाठ एकाच ठिकाणी पडते, बाकी तळ कोरा राहतो. म्हणून मी कोपरे झिजलेलं जुनं लाकडी उलथनं वापरते. नव्यापेक्षा ते बरं. आणखी एक गोष्ट, बाजूंना पातळ थर चढून सुकतो. तो मऊ आहे तोवर खाली घ्यायचा. कडक झाला की त्याला हात लावायचा नाही, नाहीतर बर्फीत साबुदाण्यासारखे खडे येतात.

भाचा: आणि तरीही लागलंच तर? मी खरवडून मिसळलं ते चुकलं, एवढं कळलं. मग काय करायला हवं होतं?

मावशी: नाकाने कळतं आधी. दुधाचा गोडसर वास जाऊन पापड भाजल्यासारखा वास आला, की त्याच क्षणी गॅस बंद, कढई खाली. तळाला कालथा लावायचाच नाही. वरचं जेवढं आपणहून येतं तेवढं दुसऱ्या भांड्यात काढायचं आणि पुढचं तिथे घोटायचं. शंभरेक ग्रॅम माल जाईल, पण वास मागे राहील. ज्या खरवडीसाठी आम्ही लहानपणी बासुंदीच्या पातेल्यावरून भांडायचो, ती तांबूस असते आणि चवीला फार छान. पण ती भांड्यात राहिलेली छान. बर्फीत मिसळलेली नाही.

भाचा: बघ, हा तुझाच मुद्दा तुझ्यावर उलटतो. तांबूस खरवड छान, साताऱ्याचे कंदी पेढे भाजलेल्या खव्याचे म्हणून छान, बेळगावचा कुंदा तपकिरी म्हणून छान. अलवरचा मिल्क केक तर मधे मुद्दाम तांबूस असतो. मग माझ्याच बर्फीचा तांबूस रंग गुन्हा का? कुठे भाजलं म्हणायचं आणि कुठे करपलं म्हणायचं, ही रेघ तरी स्पष्ट आहे का?

मावशी: रेघ स्पष्ट नाही, पण दोन्हींत फरक आहे. कुंद्यात आणि कंदी पेढ्यात सबंध खवा एकसारखा तांबूस झालेला असतो, कण न् कण. मिल्क केकमध्ये गरम माल खोल डब्यात ओततात, मधला भाग कित्येक तास गरम राहतो आणि त्या उष्णतेनेच आतून रंगतो. तिथे चूल नाही, तळ नाही, काही चिकटलेलं नाही. करपणं म्हणजे एक पातळ थर फार पुढे गेलेला आणि बाकीचा मागे राहिलेला. तो थर कडू असतो. तुला तांबूस बर्फी हवी असेल तर खुशाल कर, पण ठरवून कर. आणि त्या मिल्क केकवरून एक शीक. तुझी बर्फी खोल डब्यात ओतशील तर तीही मधे पिवळसर आणि मऊ राहील. पहिल्या वेळी बोटाच्या पेरापेक्षा जाड थर देऊ नकोस.

भाचा: ठीक. आता माझी बाजू ऐक. दोनदा फसल्यावर मी मिठाईचा थर्मामीटर आणला. पाकात तो उत्तम चालतो. इथे मधे धरला तर एक आकडा, तळाला टेकवला तर पंधरा-वीस अंश जास्त, आणि कालथा फिरवला की दोन्ही बदलतात. पाक पातळ असतो, आपण होऊन खालीवर फिरतो, म्हणून सगळीकडे तापमान सारखं. खवा फिरत नाही. तेव्हा थर्मामीटर बाद, हे मी मान्य करतो. घड्याळही बाद, कारण माझा बर्नर वेगळा आणि तुझा वेगळा. पण वजन? वजन खोटं बोलत नाही. घट्ट होणं म्हणजे पाणी उडणं, एवढंच ना? मग उडालेलं पाणी मोजू. तिसऱ्यांदा मी रिकामी कढई कालथ्यासकट तोलली, खवा पाचशे ग्रॅम, साखर दीडशे. मिश्रण झालं साडेसहाशे. वजनकाट्यावर पोळपाट ठेवला, काटा शून्यावर आणला, आणि मिश्रण जड व्हायला लागल्यावर दर दोन-तीन मिनिटांनी कढई उचलून त्यावर टेकवली. सहाशे तीस, सहाशे दहा, पाचशे नव्वद. पाचशे पंचाहत्तरला थांबलो आणि थापली. वड्या पडल्या मावशी! सुरीला न चिकटता, कोपऱ्यासकट. तेव्हा माझं सूत्र साधं आहे: अर्धा किलो खवा, दीडशे साखर, पाचशे पंचाहत्तरला गॅस बंद. यात कढई सोडणं नाही, हात सांगेल तेव्हा नाही, अनुभव नाही.

मावशी: पोळपाट तेवढा करपवला नाहीस ना? बरं, पडल्या वड्या, कौतुक आहे. खवा कुठून आणला होतास?

भाचा: त्याच दुकानातून. कडक होता, विटेसारखा. किसणीवर सरळ किसला गेला.

मावशी: तो बर्फीचा खवा. त्यात साधारण तिसरा हिस्सा पाणी असतं. आता समज, पुढच्या वेळी तो संपला म्हणून दुकानदाराने गुलाबजामाचा खवा दिला. तो मऊ असतो, बोटाला चिकटतो, शंभर ग्रॅममध्ये चाळीसच्या आसपास पाणी. मग तुझ्या सूत्राचं काय होईल ते तूच मांडून बघ, हिशेब तुझा प्रांत.

भाचा: थांब. कडक खवा पाचशे, त्यात पाणी सुमारे एकशे पासष्ट, उरलेला माल तीनशे पस्तीस. साखर दीडशे मिळवली की चारशे पंच्याऐंशी. पाचशे पंचाहत्तरला थांबलो तेव्हा पाणी उरलं नव्वद. म्हणजे शंभरात पंधरा-सोळा. आता ओला खवा पाचशे, त्यात पाणी दोनशे, माल तीनशे, साखर दीडशे, एकूण चारशे पन्नास. त्याच पाचशे पंचाहत्तरला थांबलो तर पाणी एकशे पंचवीस. शंभरात बावीस होतात.

मावशी: आणि बावीसला?

भाचा: बावीसला पुन्हा चमचा. ती पाचशे पस्तीस-चाळीसपर्यंत न्यायला हवी.

मावशी: म्हणजे तुझा आकडा बर्फीचा नव्हता, तुझ्या दुकानदाराच्या त्या दिवसाच्या खव्याचा होता. भूमकडच्या भट्टीवरचा खवा येतो तोही पावसाळ्यात वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा असतो. म्हशीच्या दुधाचा पांढरा आणि घट्ट, गाईच्या दुधाचा पिवळसर आणि जरा चिकट. मी कढई सोडण्यावर विश्वास ठेवते ते एवढ्यासाठी, की मला सुरुवातीला पाणी किती होतं ते ठाऊक असायची गरजच नाही. किती उरलंय ते गोळा सांगतो. तुला किती होतं ते आधी कळायला हवं, मग किती उडालं ते मोजशील, मग वजाबाकी करशील.

भाचा: मग आधी मोजू. वीस ग्रॅम खवा तव्यावर कोरडा करून परत तोलायचा.

मावशी: आणि तो तव्यावर करपणार नाही याची काळजी कोण घेईल? ते तर तुला येत नाही म्हणून हा सगळा खटाटोप.

भाचा: हे मान्य. शिवाय घरगुती काटा एका ग्रॅमचाच. वीस ग्रॅममध्ये एक ग्रॅम इकडेतिकडे झाला की शंभरात पाच चुकले, आणि आपला सगळा खेळ पाच-सहाचाच आहे. म्हणजे ती मोजणी फुकट. पण एक सांगतो. माझा आकडा अगदी टाकाऊ नाही. तो शेवट सांगत नसला तरी कधी जागं व्हायचं ते सांगतो. कडक खव्याला सहाशेच्या आत आलो की सावध, ओल्याला साडेपाचशेच्या जवळ. त्याच्या आधी गोळा कितीही सुंदर फिरू दे, मी फसणार नाही. नॉनस्टिकमध्ये तुझी खूण मला फसवते, तिथे हा काटा पहारा करतो.

मावशी: पहारा करू दे. पण दरवाजा कधी उघडायचा ते काटा सांगणार नाही. त्यासाठी एक खूण आहे जी कोणत्याही भांड्यात चालते, आणि तुझ्यासारख्याला तीच शिकवायला हवी होती. सुरुवातीलाच एक स्टीलची ताटली फ्रीजमध्ये ठेव. मिश्रण जड झालं, की आधी गॅस बंद कर. हे विसरायचं नाही, पारख करता करताच पुष्कळांची बर्फी पुढे जाते. मग सुपारीएवढा गोळा थंड ताटलीवर ठेवायचा, मिनिटभर थांबायचं आणि बोटांत घ्यायचा. बोटाला चिकटला, पसरला, तर आणखी दोन मिनिटं घोट. न चिकटता गोळी झाली, दाबल्यावर कड फुटली नाही आणि बोटावर तुपाचा नुसता ओलावा राहिला, तर झाली. गोळी होताना कडा तडकल्या, चुरा झाला, तर पुढे गेली.

भाचा: पण थंड ताटली म्हणजे थाळा नव्हे. ताटलीवर मिनिटभरात जे होतं ते थाळ्यात सहा तासांत होतं. मधल्या काळात काय होतं ते कळल्याशिवाय मी या गोळीवर विश्वास का ठेवावा? माझी दुसरी बर्फीसुद्धा थंड होताना घट्ट होईल असं मला सांगितलं होतं. झाली नाही.

मावशी: थंड होताना दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे तूप थिजतं. गरम असताना ते पातळ असतं, थंडीत घट्ट होतं, आणि बर्फीचा बराच ताठपणा त्याचाच. म्हणून मे महिन्यात पुण्यात केलेली बर्फी डिसेंबरातल्या बर्फीपेक्षा मऊच लागते, पाणी तेवढंच असलं तरी. दुसरी म्हणजे विरघळलेली साखर, आपण घातलेली आणि दुधातलीही, पाणी कमी पडल्याने पुन्हा कण धरते. ते कण बारीक राहिले तर वडी मुलायम, मोठे झाले तर रवाळ. ताटलीवर तूप थिजलेलं कळतं, कण धरलेले फारसे कळत नाहीत. म्हणून ताटलीवरच्या गोळीपेक्षा खरी वडी जरा जास्तच घट्ट होते. पण पाणी जास्त असेल तर तूप थिजून आणि साखर कण धरूनही ते पुरं पडत नाही. तुझ्या दुसऱ्या बर्फीचं तेच झालं.

भाचा: म्हणजे गॅस बंद केल्यावर लगेच थापायची की थांबायचं? मी तर धावत थाळ्याकडे नेली.

मावशी: धावू नकोस. जाड कढई गॅस बंद झाल्यावरही पाच मिनिटं घोटायला लावण्याइतकी गरम असते. खाली उतरवून ओल्या फडक्यावर ठेव आणि घोटतच राहा. चार-पाच मिनिटांनी वरची चकाकी जाते, रंग जरा फिका आणि मंद होतो, कालथा जड जातो. घोटता घोटता कण बारीक पडतात. या वेळी वेलदोड्याची पूड घालायची, उकळत्यात घातली तर वास उडतो. मग तुपाचा हात लावलेल्या थाळ्यात ओतून वाटीच्या बुडाने थापायचं, पिस्त्याचे काप दाबायचे. अर्ध्या तासाने सुरीने नुसत्या रेघा ओढायच्या, वड्या सोडवायच्या नाहीत. पाच-सहा तासांनी परत त्याच रेघांवरून सुरी. गरम असताना फ्रीजमध्ये घालायची घाई करू नको, वर पाणी सुटतं आणि वरचा थर चिकट होतो.

भाचा: आता माझा शेवटचा आणि खरा आक्षेप. एवढं सगळं साखर शिजवायची म्हणून. पेढ्याला आपण काय करतो? खवा भाजतो, कोमट होऊ देतो आणि पिठीसाखर मिसळतो. घोटणं नाही, फदफद नाही, करपण्याची वेळ निम्मी. तसंच मिसळून थाळ्यात थापलं तर बर्फीच ना? नवशिक्याला ही वाट का दाखवायची नाही? की त्रास झाल्याशिवाय बर्फी म्हणायचं नाही असा काही नियम आहे?

मावशी: नियम नाही. पुष्कळ घरांत तशीच होते, आणि पांढरी शुभ्र होते. मी तिला थापलेला पेढा म्हणते. खाऊन बघ म्हणजे कळेल. गोडी आधी येते आणि खवा मागून येतो, दोन्ही एकजीव झालेले नसतात. साखर सगळी विरघळत नाही, जिभेवर भुरभुर लागते. आणि कोपरे टिकत नाहीत. डब्यात एकावर एक रचलेली शिजवलेल्या साखरेची वडी कोपरा राखून राहते, ही दबते.

भाचा: भुरभुर मला आवडली तर?

मावशी: तर कर. पण मग खवा आधी जास्त भाजावा लागेल, कारण साखरेबरोबर उडणारं पाणी आता उडणार नाही. आणि नुसता कोरडा खवा जास्त वेळ भाजणं म्हणजे काय?

भाचा: म्हणजे करपण्याचा धोका उलट जास्त. साखर पडल्यावर मिश्रण सैल तरी होतं, इथे तेही नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे ती सोपी वाट नाही, धोका फक्त दुसरीकडे सरकवलेला आहे.

मावशी: सोपी आहे, पण पाव किलो खव्याला. अर्धा-एक किलोला नाही.

भाचा: मग आपण कुठे आलो? नॉनस्टिकमध्ये तुझी खूण खोटी, खवा बदलला की माझा आकडा खोटा, थर्मामीटर दोघांचाही नाही. उरली थंड ताटली, आणि तीसुद्धा पुढे काय होईल ते अर्धंच सांगते. एक गोष्ट मात्र ठरव. शंका असेल तेव्हा नवशिक्याने थांबायचं की आणखी दोन मिनिटं घोटायचं? मी म्हणतो थांबायचं. कच्ची राहिली तर परत कढईत घालता येते. पुढे गेली तर मागे येत नाही.

मावशी: येते, अर्धीमुर्धी. दोन-तीन चमचे दूध शिंपडून मंद आचेवर परतली तर पुन्हा एकत्र येते, फक्त तूप सुटलेलं पूर्ण जिरत नाही. आणि तू म्हणतोस तशी कच्ची बर्फी दुसऱ्या दिवशी कढईत घातली, तर ती बदामी झाल्याशिवाय सुकत नाही. पांढरी म्हणून सुरू केलेली ती पांढरी राहत नाही. तेव्हा थांब म्हणणंही फुकटचं नाही. मी दोन मिनिटं घोटेन.

भाचा: मी थांबेन. आणि रात्री काट्यावर बघेन की तुझ्या त्या दोन मिनिटांत नक्की किती ग्रॅम गेले.

मावशी: बघ. पण कढई उचलायच्या आधी गॅस बंद कर. आणि या वेळी पोळपाट नको, लाकडी पाट घे. पोळपाटावर मला पोळ्या लाटायच्या असतात.